तेलाची घार कुठून आली?

आमच्या आजीकडे पाककृतींची एक पुस्तिका होती. ४० पानांची, खिळे जुळवून छापलेली. खिळे म्हणजे शिशाचे लहान लहान ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर असतं. ते ओळीत बसवायचे, शाई लावायची आणि वर कागद दाबायचा. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणीची बहुतेक मराठी पुस्तकं अशीच छापलेली आहेत. आजीच्या पुस्तिकेचे कागद आता इतके ठिसूळ झालेत, की पान उलटताना कोपरा हातात येतो.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली होती. सहावीत आहे. ती म्हणाली, "मावशी, आपण याचे फोटो काढू आणि त्यातली अक्षरं टाइप करून घेऊ. म्हणजे आपण नाही टाइप करायची, संगणकच करेल." चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर करून देणाऱ्या प्रोग्रामला ओसीआर म्हणतात. तिनं संध्याकाळच्या उजेडात मोबाइलवर पहिल्या पानाचा फोटो काढला, तो प्रोग्रामला दिला आणि जे आलं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचताच ती हसून लोळायची बाकी राहिली.

पुस्तिकेत असं छापलं होतं :

थालीपीठ : २ वाट्या भाजणी, १ कांदा, १ चमचा धनेपूड, मीठ. भाजणीत कांदा घालून थोडे पाणी घ्या व पीठ मळा. तव्यावर थापून मध्ये भोक पाडा. कडेने तेलाची धार सोडा.

आणि संगणकानं हे दिलं :

यालीपीठ : २ वाट्या माजणी, ९ कांदा, १ चमचा घनेपूड, मीठ. माजणीत कांदा घालून योडे पाणी ध्या व पीठ मळा. तव्यावर यापून मध्ये मोक पाडा. कडेने तेलाची घार सोडा.

पुढे वाचण्याआधी पेन्सिल घ्या आणि चुका मोजा बघू. माझ्या मोजणीत १० आल्या. आणि आता त्या १० चुका जरा शेजारी शेजारी मांडा. थ चा य झालाय, तीनदा. भ चा म झालाय, तोही तीनदा. ध चा घ झालाय दोनदा आणि घ चा ध एकदा. उरली एक, ती १ चा ९ झाल्याची. म्हणजे दहापैकी नऊ चुका अक्षरांच्या तीनच जोड्यांमध्ये झाल्या आहेत! चुका वाटेल तशा झाल्या असत्या, तर क चा ज झाला असता, ल चा ह झाला असता. तसं काहीच झालं नाही. संगणक ठरावीक ठिकाणीच अडखळला.

का, ते तुम्हाला खरं तर पहिलीपासून माहीत आहे. बाईंनी शिकवलं होतं ना, की थ, ध आणि भ यांच्या डोक्यावर सलग रेघ द्यायची नाही? डावीकडे आधी एक छोटी गाठ काढायची, मग थोडी जागा सोडायची आणि उजवीकडच्या दांड्यावर तेवढी आखूड रेघ द्यायची. ती जागा सोडायला विसरलात की ध चा घ होतो आणि वहीवर लाल गोल पडतो. डोक्यावरच्या या रेघेला शिरोरेषा म्हणतात. थ-य, ध-घ आणि भ-म या जोड्यांमधला सगळा फरक त्या शिरोरेषेतल्या फटीत आणि त्या इवल्याशा गाठीत आहे. खालचं अंग जवळजवळ सारखंच असतं. एक कागदाची पट्टी घेऊन या सहा अक्षरांची डोकी झाका आणि घरातल्या कुणालाही ओळखायला सांगा. चांगले वाचणारेही चुकतात.

आता ती फट संगणकाला कशी दिसते ते पाहू, कारण खरी गंमत तिथंच आहे.

स्कॅनर पानाचे बारीक बारीक ठिपके करतो. चांगला स्कॅन करायचा तर १ इंचात ३०० ठिपके घ्यायचे असतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १ मिलिमीटरला साधारण १२ ठिपके येतात. ध च्या डोक्यावरची फट अर्धा मिलिमीटर असेल, तर तिच्या वाट्याला ६ ठिपके आले. प्रत्येक ठिपक्यासाठी संगणक एक आकडा लिहून ठेवतो : ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र, आणि मधले सगळे आकडे करड्या रंगाच्या छटा. छपाईची शाई कागदात थोडी पसरलेली असते, त्यामुळे फटीच्या कडा काही एकदम पांढऱ्या नसतात. समजा आपल्या फटीतले ६ आकडे असे आहेत : ५०, ११०, १८०, १८०, ११०, ५०. कडेला काळपट, मध्ये उजळ.

पुढची पायरी म्हणजे करडा रंग काढून टाकणं. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम आणि आजचेही बरेच प्रोग्राम आधी चित्र नुसतं काळं-पांढरं करून घेतात. त्यासाठी एक सीमा ठरवतात. समजा ती १२८ आहे. १२८ च्या खालचा प्रत्येक ठिपका काळा, वरचा पांढरा. मग आपले ६ ठिपके काय होतात? काळा, काळा, पांढरा, पांढरा, काळा, काळा. फट बारीक झाली, पण मधले दोन ठिपके पांढरे राहिले. ध वाचला.

आता हेच पान लांबून, मोबाइल हलवत काढलेलं आहे आणि १ इंचाला १०० च ठिपके मिळाले आहेत असं समजा. मग आधीच्या ३ ठिपक्यांच्या जागी १ च ठिपका येतो आणि त्याचा रंग त्या तिघांच्या सरासरीचा असतो. पहिल्या तिघांची सरासरी काढा : ५० + ११० + १८० म्हणजे ३४०, भागिले ३, आले ११३. दुसऱ्या तिघांचीही तेवढीच. दोन्ही १२८ च्या खाली, म्हणून दोन्ही ठिपके काळे. फट बुजली! शिरोरेषा सलग झाली आणि धनेपुडीची घनेपूड झाली. प्रोग्राम अजून अक्षरं ओळखायला बसलेलाही नव्हता, त्याआधीच ध हरवला होता. भाची ते आकडे बघत म्हणाली, "म्हणजे त्याला दिसला तो घच होता!" बरोबर. त्यानं समोर आलेलं चित्र अगदी प्रामाणिकपणे वाचलं.

उलटंही होतं. खिळे शिशाचे, म्हणजे मऊ धातूचे. वापरून वापरून ते झिजतात, कधी त्यांची कड तुटते. मग शिरोरेषेचा तुकडा उमटतच नाही. घ्या मधल्या अर्ध्या घ वर नेमकी अशीच शाई कमी पडली होती. रेघ तुटली, डावीकडे नुसता एक ठिपका राहिला, प्रोग्रामला ती गाठ वाटली आणि "पाणी ध्या" झालं. म्हणून तुमच्या पुस्तकात जिकडे तिकडे भ चे म आणि ध चे घ झालेले दिसले तर समजा, की शाई जास्त आहे किंवा फोटो अंधुक आहे. घ चे ध व्हायला लागले तर छपाई फिकी आहे. चुकांच्या दिशेवरून आजार कळतो, आणि मग पुन्हा स्कॅन करताना चित्र उजळ करायचं की गडद, तेही कळतं.

या शिरोरेषेनं मराठी-हिंदी वाचणाऱ्या पहिल्या पहिल्या प्रोग्रामांना फार त्रास दिला आहे. इंग्रजीत छापलेली अक्षरं सुटी सुटी असतात, त्यामुळे एकेक उचलून ओळखता येतं. आपली अक्षरं मात्र वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एकाच दोरीला लटकलेली. ती सुटी करायची तर दोरी कापायला हवी. त्यासाठी प्रोग्राम ओळीतल्या प्रत्येक आडव्या रांगेतले काळे ठिपके मोजायचा. जिथे सर्वांत जास्त काळे ठिपके, ती शिरोरेषा. मग ती पुसून टाकायची, की अक्षरं एकमेकांपासून सुटी होतात. हे तुम्ही आलेखाच्या कागदावर करून बघू शकता : "कमळ" हा शब्द चौकोन काळे करून लिहा आणि प्रत्येक रांगेतले काळे चौकोन मोजा. सर्वांत मोठा आकडा वरच्या रेघेचाच येईल. युक्ती छानच आहे, पण तिची किंमत कोण मोजतं? थ, ध आणि भ. त्यांची ओळख ज्या फटीत होती, ती शिरोरेषेबरोबरच पुसली गेली.

आताचे प्रोग्राम असं एकेक अक्षर कापत बसत नाहीत. टेसरॅक्ट नावाचा एक प्रोग्राम आहे. तो १९८० च्या दशकात एका अमेरिकन कंपनीत तयार व्हायला लागला, २००५ साली सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो पूर्ण ओळ एका दमात वाचतो. शिकताना त्यानं हजारो ओळींची चित्रं आणि त्यांचा बरोबर मजकूर शेजारी शेजारी पाहिलेला असतो. त्यामुळे मागचंपुढचं बघून त्याला अंदाज येतो, की "जणी" च्या आधी "मा" पेक्षा "भा" असण्याची शक्यता जास्त.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पान स्कॅनरवर सपाट ठेवलं, ३०० ठिपक्यांनी स्कॅन केलं आणि पुन्हा वाचायला दिलं. थालीपीठ थालीपीठ झालं. भाजणी परत आली. भोक परत आलं. चुका किती उरल्या, सांगा? तीन. "९ कांदा", "कडेने तेलाची घार सोडा" आणि एक नवीनच : पीठ मळतानाचा कांदा "कादा" झाला होता.

या तीन चुकांवर जरा थांबू या, कारण मला त्या आदल्या दिवशीच्या दहांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात.

"यालीपीठ" दिसलं की कुणीही हसतं आणि दुरुस्त करतं. मोबाइलवरचा शुद्धलेखन तपासणाराही त्याच्याखाली लाल रेघ ओढतो, कारण असा शब्दच नाही. पण घार हा शब्द आहे. आकाशात गोल गोल फिरणारी घार. धार आणि घार हे दोन्ही शब्दकोशात आहेत, म्हणून लाल रेघ येत नाही. ओळीवरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामलाही काही खटकत नाही. असे जुळे शब्द मराठीत पुष्कळ आहेत : घर-धर, घाव-धाव, घडा-धडा, घाम-धाम, भात-मात, भार-मार, भाग-माग. "डबा भरून ठेवा" चं "डबा मरून ठेवा" झालं तरी तपासणारा प्रोग्राम गप्प बसतो. प्रोग्राम जितका हुशार, तितक्या त्याच्या उरलेल्या चुका खऱ्या शब्दांसारख्या दिसतात.

कांद्याचा अनुस्वार गेला, त्याचं कारण वेगळं आहे. जुन्या कागदावर धुळीचे, बुरशीचे डाग असतात. स्कॅन साफ करणारा प्रोग्राम लहान सुटे काळे ठिपके दिसले की पुसून टाकतो. अनुस्वार हाही लहान सुटा काळा ठिपकाच! त्याला काय माहीत, हा कांद्याचा आहे. म्हणून मराठी पान स्कॅन करताना "डाग काढा" असा पर्याय असेल, तर तो बंद ठेवा. चार डाग राहिलेले परवडतात. तुमच्याकडे फार जुनं पुस्तक असेल तर आणखी सांभाळा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी मराठीत न उच्चारलेले अनुस्वारही लिहीत असत, "तें", "केलें", "घरांत" असे. प्रोग्राम आजचं लिहिणं शिकलेला असेल, तर तो ते गाळून टाकतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, की पुस्तकात असंच छापलंय.

आणि ९ कांदे! इथे शब्दकोशाचा काहीच उपयोग नाही. १ आणि ९ यांची गोलाकार डोकी आणि लोंबती शेपटी इतकी सारखी असतात, की शाई जरा इकडेतिकडे झाली की एकाचा दुसरा होतो. आकड्यांना शुद्धलेखन नसतं. ९ हा १ इतकाच शुद्ध आहे.

पुढच्या पानांवर आणखी दोन नमुने सापडले. "२ वाट्या रवा" याचं झालं होतं "२ वाट्या खा". र आणि व एकमेकांना चिकटून छापले गेले, की त्यांचा ख होतो. आता आपण ख काढताना र ची शेपटी खालून व ला जोडतो, ती हाच घोटाळा टाळण्यासाठी. आणि "खाद्यपदार्थ" चं "खाघपदार्थ" झालं होतं, कारण जुन्या खिळ्यांमधला द्य आणि घ लांबून सारखेच दिसतात. "विद्यार्थी", "उद्या", "उद्योग" हे शब्द तुमच्या पुस्तकात असतील तर तिथे आधी डोकावा.

आता तपासायचं कसं? सगळी ४० पानं पुन्हा वाचायची, एवढं सांगून चालत नाही. मी ते करून पाहिलंय. वाचताना आपला मेंदू पुढचा शब्द आधीच ओळखतो आणि डोळ्यांना खरं काय ते बघूच देत नाही. थालीपिठाच्या पाककृतीत "तेलाची" वाचलं, की पुढे "धार" दिसतेच, तिथे काहीही छापलेलं असो. म्हणून तपासताना मेंदूची ही सवय मोडावी लागते.

आम्ही आधी जोड्या धरून शोध घेतला. संगणकातल्या मजकुरात शोधायच्या चौकटीत नुसतं "घ" लिहिलं. जिथे जिथे घ आहे, तिथे तिथे तो पिवळा होऊन दिसायला लागला. मग प्रत्येक घ साठी मूळ चित्रात त्याच जागी बोट ठेवून बघितलं : डोक्यावर फट आहे का? अर्थ वाचायचा नाही, फक्त डोकं बघायचं. नंतर ध, मग म, भ, य, थ, आणि शेवटी ख. म आणि य सगळ्यात जास्त वेळ खातात, कारण ते मराठीत फार येतात. तिथे आम्ही दोन संध्याकाळ बसलो. पण हे काम असं आहे, की अर्थाकडे लक्षच जात नाही, त्यामुळे घार लगेच पकडली गेली.

नंतर मोठ्यानं वाचन. पूर्वी छापखान्यात दोघं मिळून मुद्रितं तपासायचे. एक जण मूळ प्रत वाचायचा, दुसरा छापलेल्यावर नजर ठेवायचा. आम्ही थोडा बदल केला. भाचीनं संगणकातला मजकूर वाचायचा, जसा आहे तसा, मनानं काही दुरुस्त न करता. मी मूळ पुस्तिकेवर बोट ठेवून ऐकायचं. घ आणि ध दिसायला सारखे असले तरी कानाला अजिबात सारखे लागत नाहीत. म-भ, थ-य यांचंही तसंच. डोळ्याला जे फसवतं ते कानाला फसवू शकत नाही, म्हणून आपल्या जोड्यांसाठी ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. फक्त ह्रस्व-दीर्घ कानाला नीट कळत नाही, तेव्हा ती "पहिली वेलांटी", "दुसरा उकार" असं म्हणत गेली. आकडा आला की ती थांबायची आणि म्हणायची, "एक, अक्षरात सांगते, एक."

आकड्यांसाठी आणखी एक उपाय आहे : हिशोब जुळतो का ते बघायचं. २ वाट्या भाजणीला ९ कांदे लागत नाहीत, हे आजी डोळे मिटूनही सांगेल. शिवाय "९ कांदा" असं कुणी लिहीत नाही, "९ कांदे" लिहितात. शब्दच आकड्याची साक्ष देतो. पुस्तकात सालं असतील तर वजाबाकी करा. साने गुरुजींचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. या सालात दोन ९ आणि एक १ आहे, म्हणजे घोटाळ्याला भरपूर जागा. स्कॅनमधून १८९१ येऊ शकतं, १८१९ येऊ शकतं, १८११ सुद्धा. पण त्याच पुस्तकात पुढे लिहिलेलं असेल, की ११ जून १९५० ला ते गेले तेव्हा त्यांचं ५० वं वर्ष पूर्ण झालेलं होतं, तर हिशोब करता येतो. १८९९ खरं असेल, तर डिसेंबर १९४९ मध्ये ५० पूर्ण होतात आणि जूनमध्येही वय ५० च राहतं. जुळलं. १८९१ खरं असेल तर वय ५८ यायला हवं. नाही जुळत. एक आकडा दुसऱ्याला पकडून देतो.

इतकं केल्यावर भाचीनं असा प्रश्न विचारला, की मी तिच्याकडे बघतच राहिले. "मावशी, आपल्याला सापडल्या तेवढ्या चुका आपल्याला माहीत आहेत. पण न सापडलेल्या किती, हे कसं कळणार?"

कळतं! अंदाजानं का होईना, पण कळतं. जॉर्ज पोया नावाचे एक मोठे गणिती होते. त्यांनी १९७६ साली अगदी याच प्रश्नावर एक लेख लिहिला होता. युक्ती अशी. दोघांनी तोच मजकूर वेगवेगळा तपासायचा. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचा कागद बघायचा नाही. मग याद्या शेजारी ठेवायच्या.

स्कॅनचा कच्चा मजकूर आम्ही ठेवलेलाच होता. पुस्तिकेच्या शेवटच्या १० पानांवर आम्ही अजून काहीच शोधलं नव्हतं, म्हणून ती घेतली. मला २४ चुका सापडल्या, तिला २०. याद्या जुळवल्या तर १६ चुका दोघींच्याही यादीत होत्या. आता विचार करा. तिच्या २० चुकांपैकी १६ मला सापडल्या होत्या. म्हणजे मी ५ मधल्या ४ चुका पकडते. मग माझ्या २४ चुका म्हणजे एकूण चुकांचे पाच भाग केले तर त्यातले चार. चार भागांत २४, एका भागात ६, पाच भागांत ३०. एकूण चुका साधारण ३०! दोघींनी मिळून वेगवेगळ्या किती पकडल्या? २४ आणि २० मिळून ४४, त्यातल्या १६ दोनदा मोजल्या गेल्या, म्हणून २८. उरल्या २. न दिसलेल्या चुका आम्ही मोजल्या होत्या. तळ्यातले मासे मोजायलाही हीच रीत वापरतात : काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि त्यात खूण केलेले किती येतात ते पाहायचं.

मग त्या २ शोधायला आम्ही फक्त आकड्यांवरून बोट फिरवलं. सापडल्या ३. दोन ठिकाणी १ चा ९ झाला होता, एका ठिकाणी ९ चा १. अंदाज एकानं का चुकला, त्याचं कारण आहे. ही युक्ती तेव्हाच नीट चालते, जेव्हा प्रत्येक चूक सापडण्याची शक्यता सारखी असते. आम्ही दोघीही शब्द वाचत होतो आणि आकड्यांवरून नजर सरकत होती. दोघींनाही जे दिसत नाही, ते या हिशोबात येतच नाही. म्हणून आलेला आकडा "कमीत कमी इतक्या" असा धरावा. आणि दोघांच्या याद्यांमधली जुळणी फारच कमी आली, २४ आणि २० मधल्या ६ च सारख्या, तर एकूण ८० निघतात. तेव्हा समजायचं, की अजून बरंच काम बाकी आहे. निदान पुन्हा एकदा सगळं वाचायला हवं.

मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं टाइप करणारे लोक दोन माणसांचा नियम पाळतात. एकानं पान तपासलं की ते पिवळं होतं. ते हिरवं होतं दुसऱ्यानं तपासल्यावरच. पहिल्याला स्वतःचंच पान हिरवं करता येत नाही. आणि तिथे टाइप केलेल्या मजकुराच्या शेजारी मूळ पानाचं चित्र कायम ठेवलेलं असतं.

ती शेवटची गोष्ट तुम्ही घरीही नक्की करा. मजकूर मिळाला म्हणून फोटो पुसून टाकू नका, पुस्तक रद्दीत देऊ नका. प्रत्येक फाइलला पानाचा क्रमांक द्या आणि चित्र व मजकूर एकाच ठिकाणी ठेवा. आजीची पुस्तिका आम्ही आता कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पुढच्या सुट्टीत भाची पुन्हा येईल, तेव्हा डोळे ताजे असतील, आणि एखादी घार अजून फिरत असेल तर ती धरायला मूळ पान हवंच.